तारणाला मर्यादा असते, जामीनदाराला नसते

कुठल्याही पतसंस्थेचा कर्जमागणी अर्ज उघडा. मधल्या पानावर तारणाचा तक्ता असतो. तिथे वस्तूचं वर्णन, खरेदीची तारीख, बाजारभाव, मूल्यांकन करणाऱ्याचं नाव, विमा, आणि या सगळ्यावरून ठरणारी कर्जाची मर्यादा लिहायला रकाने असतात. सोनं असेल तर वजन ग्रॅममध्ये लिहिलं जातं, खडे वजा केले जातात. जमीन असेल तर सातबारा, वाहन असेल तर आरसी बुक. त्यानंतर जामीनदारांचं पान येतं. तिथे नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, पगारपत्रक, फोटो आणि सही. बाकी काही नाही. हा माणूस किती रुपयांपर्यंत जबाबदार आहे, हे विचारणारा रकाना अख्ख्या अर्जात नसतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फॉर्म बनवणं हे माझ्या पोटापाण्याच्या कामापैकी एक काम. फॉर्ममध्ये एखादा रकाना नसतो तेव्हा त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर ती माहिती कुणाला नको असते, किंवा ती न विचारल्याने कुणाचा तरी फायदा होत असतो. जामीनदाराच्या पानावर रकमेचा रकाना नसण्याचं कारण दुसरं आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि हा रकाना सक्तीचा असला पाहिजे, हेही.

आधी दोन शब्दांमधला फरक स्पष्ट करू, कारण बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. तारण ही वस्तू आहे. दागिने ठेवले तर ते पतसंस्थेच्या तिजोरीत जातात, जमीन दिली तर गहाणखत होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो, आणि टेम्पो असेल तर तो कर्जदाराच्याच दारात उभा राहतो, फक्त आरसीवर संस्थेचा बोजा लागतो. याला नजरगहाण म्हणतात. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. हप्ते थांबले तर संस्था ती वस्तू विकू शकते, आणि त्या वस्तूपुरता तो विषय तिथे संपतो. तुमच्या काकांनी तुमच्या कर्जासाठी स्वतःची अर्धा एकर जमीन नुसती गहाण दिली असेल, तर काकांचं जास्तीत जास्त नुकसान म्हणजे ती अर्धा एकर. वाईटच, पण मोजता येणारं.

जामीन हे वचन आहे. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२६ नुसार तिसऱ्याने पैसे बुडवले तर त्याचं देणं मी फेडीन, असं सांगणारा करार म्हणजे हमी. कलम १२८ पुढे सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे. ते सोडले तर अर्थ सरळ आहे. मुद्दल, व्याज, दंड, वकिलाचा खर्च, जे कर्जदाराचं ते सगळं तुमचं. काकांनी जमिनीसोबत जामीनदार म्हणूनही सही केली असेल (आणि संस्था ती सही सहसा घेतेच), तर अर्धा एकर गेल्यावर उरलेल्या रकमेसाठी त्यांचं राहतं घर आणि पगार दोन्ही उघडे पडतात.

इथे बहुतेकांच्या मनात एक क्रम असतो. आधी कर्जदाराला विचारतील, मग तारण विकतील, आणि काहीच हाती लागलं नाही तर शेवटी जामीनदाराकडे येतील. हा क्रम माणुसकीला धरून आहे, पण कायद्यात तो नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या कोर्टाने नेमका हाच क्रम घालून दिला होता, की बँकेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करावेत आणि मगच जामीनदाराकडे वळावं. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती अट काढून टाकली. कारण असं, की धनकोला थांबायला लावलं तर हमी घेण्याचा हेतूच फसतो. पुढे १९९२ मध्ये इंडेक्सपोर्ट खटल्यात, मालमत्ता गहाण असतानाही बँक आधी जामीनदाराविरुद्ध हुकूमनामा बजावू शकते, असं त्याच न्यायालयाने सांगितलं. बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याने तर 'कर्जदार' या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदाराला बसवून टाकलं आहे. म्हणजे कर्जदार 'नंतर' जामीनदार असं नाही, कर्जदार 'किंवा' जामीनदार असं आहे. कुणाला गाठायचं ते धनको ठरवणार. आणि धनको गाठायला सोप्या माणसाकडे जातो. तो कोण? ज्याचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला ठरल्या ठिकाणी जमा होतो तो.

आता एक हिशेब मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, पण ज्याने पतसंस्थेची वसुली जवळून पाहिली असेल त्याला ते ओळखीचे वाटतील.

साडेसहा लाखांचा छोटा टेम्पो. पतसंस्थेकडून ५,००,००० रुपये कर्ज, १४ टक्के व्याज, ६० महिने. हप्ता होतो सुमारे ११,६३४ रुपये. टेम्पो तारण, शिवाय दोन पगारदार जामीनदार. चौदा हप्ते व्यवस्थित गेले आणि पंधरावा चुकला. त्या वेळी येणं बाकी सुमारे ४,१२,००० रुपये. पुढचा सगळा हिशेब याच बाकीवर सरळव्याजाने करू.

संस्थेने तीन महिन्यांत टेम्पो ताब्यात घेऊन विकला, असं आधी समजू. तीन महिन्यांचं व्याज साधारण १४,४०० रुपये, म्हणजे येणं ४,२६,४०० रुपये. दीड वर्ष वापरलेल्या, चालू स्थितीतल्या टेम्पोचे ३,५०,००० रुपये आले असं धरू. खाली उरले ७६,४०० रुपये. दोन जामीनदारांत वाटले तर ३८,२०० प्रत्येकी. चटका बसेल, पण संसार मोडणार नाही.

प्रत्यक्षात बरेचदा काय होतं? वसुली अधिकारी फोन करतो, कर्जदार 'या महिन्यात बघतो' म्हणतो, मार्चअखेरीला एखादा हप्ता भरण्याची बोलणी होतात आणि फिसकटतात. संचालक मंडळात कुणाची तरी ओळख असते. असे बावीस महिने जातात. तोपर्यंत टेम्पो कुठल्या तरी गॅरेजच्या मागे बिनबॅटरीचा उभा असतो, विमा संपलेला असतो, आणि लिलावात १,५०,००० रुपये येतात. बावीस महिन्यांचं व्याज सुमारे १,०५,७०० रुपये, म्हणजे येणं ५,१७,७००. लिलावाची रक्कम वजा केल्यावर उरतात ३,६७,७०० रुपये. दंडव्याज आणि नोटिशींचा खर्च मी धरलेलाच नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ७६,४०० आणि ३,६७,७००. कर्ज तेच, टेम्पो तोच, कर्जदारही तोच. मधले २,९१,३०० रुपये फक्त दिरंगाईचे आहेत. ती दिरंगाई जामीनदाराने केलेली नाही. टेम्पो जप्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. हप्ता चुकल्याचंही त्याला बरेचदा कळवलेलं नसतं. वसुली दाव्याची नोटीस घरी येते तेव्हा पहिल्यांदा समजतं. ज्याच्या हातात सगळं होतं त्या संस्थेने चालढकल केली आणि तिचं बिल ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या नावे फाडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यावर कायदा काही म्हणत नाही का? म्हणतो, पण नीट ऐकावं लागतं. करार कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे धनकोने तारण गमावलं किंवा जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिलं, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र विरुद्ध चित्तरंजन रंगनाथ राजा या खटल्यात बँकेकडे तारण ठेवलेले तेलाचे डबे बँकेच्या निष्काळजीपणामुळे गेले, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराची सुटका केली. हे ऐकून बरं वाटतं. पण तिथे माल बँकेच्या ताब्यात होता. आपला टेम्पो कर्जदाराच्या ताब्यात होता आणि तो हरवलेला नाही, नुसता गंजला. संस्थेने काय केलं? काहीच नाही. आणि कलम १३७ सांगतं की धनकोने नुसतं थांबून राहणं, दावा न करणं, यामुळे जामीनदार सुटत नाही. संस्थेने आरसीवर बोजाच चढवला नसेल आणि कर्जदाराने टेम्पो परस्पर विकला असेल, तर १४१ चा मुद्दा मांडायला जागा आहे. गंजण्यासाठी जवळपास नाही.

म्हणजे तारण निष्काळजीपणे हरवणाऱ्याला शिक्षा आहे, सावकाश सडू देणाऱ्याला नाही. पतसंस्थेच्या दृष्टीने यातून काय शिकायचं ते उघड आहे.

बरं, ही जी काही कलमं जामीनदाराच्या बाजूची आहेत, ती तरी त्याला मिळतात का? जामीनपत्राचा बारीक अक्षरातला मजकूर वाचा. कर्जाच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या तर पुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो, हे कलम १३३. धनकोने कर्जदाराशी परस्पर तडजोड केली किंवा मुदत वाढवून देण्याचा करार केला तर तो मोकळा होतो, हे कलम १३५. आणि तारणाबद्दलचं १४१ आपण पाहिलंच. छापील जामीनपत्रात एक परिच्छेद असतो, त्याचा आशय असा: संस्थेने मुदत वाढवली, अटी बदलल्या, तारण सोडलं किंवा बदललं तरी माझी जबाबदारी कायम राहील, आणि करार कायद्याने मला मिळणारे हक्क मी सोडून देत आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जे दिलं ते तीन ओळींत परत घेतलं जातं. ही कलमं सोडून देता येतात असं न्यायालयं सहसा मानतात, कारण सही तुमची असते.

सहीनंतरची यंत्रणा तर आणखी एकतर्फी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. दिवाणी कोर्टातल्या दाव्यासारखा साक्षीपुराव्याचा लांबलचक खेळ तिथे नसतो, कागदपत्रं पाहून छोटी चौकशी होते. दाखला मिळाला की कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती सुरू करू शकतो. दाखला चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. आपल्या हिशेबात ते झाले सुमारे १,८३,८५० रुपये. महिना ४२,००० पगार असलेल्या जामीनदाराने 'हे पैसे माझ्याकडून घेणं अन्याय्य आहे' एवढं सांगण्यासाठी चार पगारांहून जास्त रक्कम आधी मोजायची. त्यातून कलम ४९ खालच्या पगारकपातीच्या करारावर त्याने आधीच सही केलेली असेल, तर त्याची कंपनी किंवा कार्यालय थेट पगारातून कापायला लागतं. महिना १२,००० कापले आणि पुढचं व्याज पूर्ण थांबलं असं धरलं तरी ३१ महिने.

'पण दोन जामीनदार आहेत ना, मग निम्मंच.' नाही. निम्मं हे त्या दोघांमधलं नातं आहे, कलम १४६ प्रमाणे. संस्थेसाठी दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले असतात. एक जण निवृत्त होऊन गावी गेला असेल आणि दुसरा अजून नोकरीत असेल, तर कपात दुसऱ्याची होणार. त्याने मग पहिल्याकडे निम्मे मागावेत, आणि कलम १४५ प्रमाणे कर्जदाराकडे सगळे मागावेत. म्हणजे ज्या कर्जदाराकडून अख्ख्या पतसंस्थेला वसुली जमली नाही, त्याच्याकडून एकट्या कारकुनाने स्वतःच्या खर्चाने दावा लावून करायची. कायद्याने जामीनदाराला धनकोच्या जागी उभं केलं आहे खरं, पण धनकोचं वसुली खातं त्याला दिलेलं नाही.

पतसंस्थांची बाजूही आहे आणि ती फुटकळ नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे सोनं नाही, जमीन नाही, त्याला कर्ज मिळण्याचा जामीनदार हाच मार्ग आहे. जामीन काढून टाकलात तर तो माणूस पुन्हा खासगी सावकाराच्या दारात जाईल. हे मला मान्य आहे, म्हणूनच जामीन रद्द करा असं मी म्हणत नाही. पण या युक्तिवादाला एक जोड लागते, ती कुणी मोठ्याने म्हणत नाही. जामीनदार घेतला जातो तो फक्त पैशांसाठी नाही. तो घेतला जातो कारण कर्जदाराला त्याची लाज वाटावी. मामाच्या, साहेबांच्या, शेजारच्या गुरुजींच्या पगाराला हात लागेल या धास्तीने त्याने हप्ता भरावा. थोडक्यात, जामीनदार म्हणजे संस्थेने नेमलेला बिनपगारी वसुली माणूस. हरकत नाही. पण मग पहिला हप्ता चुकल्याबरोबर त्याला कळवायला नको का? बावीस महिने अंधारात ठेवलेला वसुली माणूस कुणाला लाज आणणार? कळवत नाहीत याचाच अर्थ त्याचा उपयोग तो वापरण्यासाठी ठेवलेला नसून शेवटी कापण्यासाठी ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की जबाबदारीला मर्यादा घातली तर संस्था बुडतील, आणि संस्थेत पैसे गरीब ठेवीदारांचेच असतात. ठेवीदारांची काळजी खरी आहे. पण मर्यादा तारणाला कायमच आहे, आणि त्यामुळे कुणी तारणावर कर्ज द्यायचं थांबवलेलं नाही. उलट मर्यादा आहे म्हणूनच संस्था सोन्याचं वजन करते, खडे वजा करते, भावाच्या काही टक्केच कर्ज देते. धोका मोजायला लागला की माणूस सावधपणे कर्ज देतो. जामीनदार अमर्याद आहे म्हणून त्याचं कुणी वजन करत नाही. तो आधीच किती कर्जांना जामीन आहे, त्याचे स्वतःचे हप्ते किती, हे पाहिलंच तर वरवर पाहिलं जातं. फुकट मिळणारी वस्तू कुणी मोजून वापरत नाही.

म्हणून माझी मागणी तीन ओळींची आहे. जामीनपत्रावर रकमेचा रकाना सक्तीचा असावा, आकड्यात आणि अक्षरी, व्याज आणि खर्च धरून. हप्ता चुकल्यापासून तीस दिवसांत जामीनदाराला लेखी कळवावं, नाही कळवलं तर त्या काळाचं व्याज त्याच्याकडून मागता येऊ नये. आणि तारण असेल तर ते सहा महिन्यांत विक्रीला काढावं. नाही काढलं तर सहाव्या महिन्याला त्याची जी किंमत होती, ती वजा धरूनच जामीनदाराचं देणं ठरवावं. तिसऱ्या अटीने संस्थेची वसुली लांबत नाही, उलट घाई करावी लागते. आपल्या हिशेबातले २,९१,३०० रुपये नेमके ज्याने घालवले त्याच्या खात्यावर जातात.

यासाठी नवा कायदाच हवा असंही नाही. कलम १२८ च्या शेवटी ठेवलेले शब्द आठवा: करारात वेगळं ठरलं नसेल तर. वेगळं ठरवायला १८७२ पासून मुभा आहे. जामीनपत्रावर 'माझी एकूण जबाबदारी मुद्दल, व्याज व सर्व खर्च धरून रुपये १,००,००० पुरती मर्यादित राहील' असं लिहून संस्थेने ते स्वीकारलं, तर तो करार आहे. सहकार खात्याने नमुना जामीनपत्रात हे वाक्य रिकाम्या जागेसह छापलं तर उद्यापासून अंमलात येईल. तोवर हे वाक्य लिहायचं काम सही करणाऱ्याचं. सोबत तारण आहे का हे विचारायचं, असेल तर आरसीवर किंवा सातबाऱ्यावर बोजा चढला का हे स्वतः पाहायचं, आणि जामीनपत्राची प्रत मागून घ्यायची. हक्क सोडून देण्याचा परिच्छेद खोडायला सांगायचं.

पलीकडचा माणूस म्हणेल, 'साहेब, आमच्याकडे असं लिहायची पद्धत नाही, नुसती फॉर्मॅलिटी आहे.' त्याला एवढंच विचारायचं की नुसती फॉर्मॅलिटी असेल तर आकडा लिहायला अडचण काय. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, पण जामिनाच्या बाबतीत भीड कर्जदाराची असते आणि भीक जामीनदाराच्या वाट्याला येते. तारणाच्या तक्त्यात मंगळसूत्राचं वजन मिलिग्रॅमपर्यंत लिहिणाऱ्या संस्थेला, पुढच्या पानावर माणसाच्या नावापुढे एक आकडा लिहिणं जड जाऊ नये.